चेहरा, घोडी आणि अक्षरं: मिरजेच्या तानपुरा-फिल्मच्या तीन चौकटी

३ नोव्हेंबर

काम ३० सेकंदांच्या फिल्मचं आहे. विषय मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला तानपुरा, त्यातही जवारी काढण्याचं काम, म्हणजे ज्या घोडीवर तारा टेकतात तिचा माथा घासून सुराला गुंजन आणणं. फिल्म तीन आकारांत द्यायची आहे. आडवी १६:९ यूट्यूबसाठी आणि संगीत सभेच्या हॉलमधल्या पडद्यासाठी, चौकोनी १:१ फीडसाठी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरण्यासाठी, उभी ९:१६ रील्ससाठी. संहिता एकच आणि चित्रीकरणाचा दिवसही एकच. कॅमेरा १६:९ मध्येच चित्र देतो, ३८४० × २१६० पिक्सेल.

आलेली पहिली संहिता सहा दृश्यांची. वाचायला चांगली आहे, पण लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढे फक्त आडवा पडदा होता हे लगेच कळतं. ‘एका बाजूला’, ‘शेजारी’, ‘समोरासमोर’ असे शब्द सहापैकी चार दृश्यांत आहेत. उभ्या चौकटीत शेजार फारसा नसतोच. त्यामुळे एडिटला बसून कडा कापण्याआधी संहिताच पुन्हा लिहायची, असं ठरलं.

४ नोव्हेंबर

आधी हिशोब. २१६० उंचीच्या चित्रातून पूर्ण उंचीची उभी पट्टी काढली तर तिची रुंदी १२१५ पिक्सेल येते, म्हणजे मूळ रुंदीच्या ३२ टक्क्यांहूनही किंचित कमी. चौकोनाला २१६० मिळतात, साधारण ५६ टक्के. उभी फिल्म शेवटी १०८० × १९२० द्यायची असल्याने १२१५ ची पट्टी पुरते, चित्र ताणावं लागत नाही. हेच चित्रीकरण १९२० × १०८० मध्ये केलं असतं तर पट्टी जेमतेम ६०७ पिक्सेलची आली असती. ती पावणेदोन पटींहून जास्त ताणावी लागली असती, आणि तार मऊ, धुरकट दिसली असती. तानपुऱ्याच्या फिल्ममध्ये तारच धुरकट असेल तर बाकी काही बघायलाच नको.

पिक्सेल कारखान्यात कुणाला दिसत नाहीत, म्हणून तेच माप फुटपट्टीवर आणलं. पूर्ण फ्रेम सेन्सर, ३५ मिमी लेन्स, विषय ३ मीटरवर. आडव्या चौकटीत सुमारे ३.१ मीटर रुंदी आणि १.७४ मीटर उंची दिसते. उभ्या पट्टीत रुंदी फक्त ९८ सेंटिमीटर. आपला मोठा तानपुरा आहे १ मीटर ३७ सेंटिमीटर लांब. उभा धरला तर बसतो. आडवा ठेवला तर एकीकडे अर्धा भोपळा जातो, दुसरीकडे खुंट्या. संहितेत तो तीनदा आडवा आहे.

६ नोव्हेंबर

आज सुरक्षित क्षेत्राच्या रेषा आखल्या.

आडव्यासाठी प्रसारणाची रीत सोपी आहे. अक्षरं प्रत्येक कडेपासून ५ टक्के आत, महत्त्वाची हालचाल साडेतीन टक्के आत. १९२० × १०८० मध्ये ५ टक्के म्हणजे डावी-उजवीकडे ९६ पिक्सेल, वर-खाली ५४. चौकोनात प्रसारणाचा प्रश्न नाही, पण तिथेही सगळीकडून ५४ धरले. फीडमध्ये आवाज बंद-चालूचं चिन्ह खालच्या उजव्या कोपऱ्यात येतं, म्हणून तो कोपरा रिकामा ठेवायचा.

खरी अडचण उभ्यात आहे. रील्ससाठी मेटाची शिफारस अशी: वरचे १४ टक्के, खालचे ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंचे ६-६ टक्के अक्षरं आणि लोगोपासून मोकळे ठेवा. खाली खात्याचं नाव, मजकूर, गाण्याची पट्टी येते आणि उजवीकडे लाइक-कमेंटची चिन्हं. १०८० × १९२० मध्ये मोजलं तर वर २६९, खाली ६७२, बाजूंना ६५. उरतो तो डबा ९५० × ९७९ पिक्सेलचा.

हा आकडा दोनदा तपासला, कारण तो जवळपास चौकोन आहे. ‘उभी चौकट’ असं आपण म्हणतो, पण निर्धास्तपणे वापरता येते ती जागा चौकोनीच, आणि तीही मध्यापासून वर सरकलेली. तिची खालची कड वरून मोजत १२४८ व्या पिक्सेलवर येते. म्हणजे उभ्या फिल्ममध्ये चित्राचा पाया वरून दोन-तृतीयांशाच्याही थोडा अलीकडेच संपतो. त्याखाली जे असेल ते दिसलं तर दिसलं.

यातून संहितेसाठी एक भेद निघाला. प्रत्येक दृश्यात ज्यावाचून अर्थ लागत नाही ते डब्यातच हवं: चेहरा, अक्षरं आणि जिथे काम चाललंय ती जागा. बाकीचं, म्हणजे भोपळ्याचा तळ, मांडी, चटई, मजकुराखाली गेलं तरी चालतं. संहितेला उजवीकडे एक रकाना वाढवला आणि नाव दिलं ‘डब्यात काय’. तो भरता येत नसेल तर दृश्य अजून लिहून झालेलं नाही असं समजायचं.

७ नोव्हेंबर

रकाना भरताना दृश्य २ आणि ४ अडली.

दृश्य २ मध्ये दोन तानपुरे गादीवर समांतर आडवे होते. निवेदन होतं: ‘हा मोठा, पुरुषांच्या आवाजाचा, त्याच्या शेजारी हा लहान, बायकांच्या आवाजाचा.’ उभ्यात हे शक्य नाही. दोन वेगळे शॉट केले तर निवेदन दोन-तीन सेकंदांनी लांबतं, आणि लहान-मोठा हा फरकच दिसत नाही, कारण एकट्या वस्तूला मापच नसतं. उपाय साधा निघाला: दोन्ही उभे ठेवायचे. भोपळे मिळून सुमारे ७५ सेंटिमीटर, मध्ये १० सोडले तर ८५. ते ९८ मध्ये बसतं. तळ एका ओळीत ठेवले की फरक वरच्या टोकाला, खुंट्यांपाशी दिसतो, आणि वरचं टोक डब्यात येतं. भोपळे खाली मजकुराच्या भागात गेले तरी बिघडत नाही. निवेदनातून ‘शेजारी’ काढलं: ‘उंच तो पुरुषांच्या आवाजाचा, ठेंगणा तो बायकांच्या.’ आता तिन्ही चौकटींत वाक्य खरं आहे, शब्दही कमी झाले.

दृश्य ४ हा फिल्मचा जीव आहे. मूळ असं होतं:

> डावीकडे कारागीर, उजवीकडे गायिका, मध्ये आडवा तानपुरा. कारागीर तार छेडतो, घोडीवर हात फिरवतो. गायिका मान हलवते: अजून नाही. निवेदन: हात एकाचा, कान दुसऱ्याचा.

दोन चेहरे, मध्ये वाद्य. चेहऱ्यांत अंतर सव्वा मीटर. उभ्या पट्टीत एका वेळी एकच चेहरा मावतो. एडिटमध्ये यावर नेहमीचे दोन इलाज आहेत आणि दोन्ही इथे पडतात. पहिला, पट्टी एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर सरकवायची. कॅमेरा फिरल्याचा भास होत नाही, कुणीतरी खिडकी ओढल्यासारखं दिसतं. शिवाय तार छेडली त्या क्षणी ऐकणारीचा चेहरा दिसत नाही आणि दृश्याचा मुद्दाच जातो. दुसरा, पडदा वर-खाली दुभागायचा. प्रत्येकाला १०८० × ९६० मिळतात, पण खालचा अर्धा ९६० पासून सुरू होतो आणि डबा १२४८ ला संपतो. खालच्या माणसाच्या वाट्याला मोकळे २८८ पिक्सेल. तेवढ्यात कपाळ आणि डोळे येतील, ओठांवर मजकूर.

म्हणून माणसं शेजारी न बसवता मागेपुढे बसवायची. नवं दृश्य:

> कारागीर जमिनीवर, पुढ्यात तानपुरा, घोडी कॅमेऱ्याकडे. गायिका त्याच्या उजव्या खांद्यामागे, थोडी उंच. तो तार छेडतो. तिचे डोळे मिटलेले. ती मान हलवते. तो मागे न बघता तारेखालचा दोरा किंचित सरकवतो. पुन्हा तार. ती डोळे उघडते. निवेदन: हात एकाचा, कान दुसऱ्याचा.
> डब्यात काय: दोन चेहरे, घोडी.

‘मागे न बघता’ हे गरजेपोटी आलं. समोरासमोर बसलेले एकमेकांकडे बघत होते. आता तो बघू शकत नाही, त्याला तिचं उत्तर ऐकूनच कळायला हवं. म्हणून तिच्या तोंडी ‘अजून’ हा एक शब्द घातला. दृश्य आधीपेक्षा बरं झालं, हे कबूल करायला हरकत नाही.

१० नोव्हेंबर

कारखान्यात मापं घेतली. १.७४ मीटर उंचीचे १९२० पिक्सेल, म्हणजे १ सेंटिमीटरला साधारण ११ पिक्सेल. गायिकेचे डोळे ४२० वर ठेवले तर डोक्याचा माथा ३०० च्या आसपास येतो, २६९ च्या रेषेखाली जेमतेम. कारागिराचे डोळे तिच्यापेक्षा ३० सेंटिमीटर खाली, म्हणजे ७५० वर. इथपर्यंत ठीक. पण तानपुरा चटईवर ठेवला की घोडी त्याच्या डोळ्यांच्या ४५ सेंटिमीटर खाली येते: ७५० आणि ४९५ मिळून १२४५. डबा १२४८ ला संपतो. जिच्यासाठी दृश्य आहे ती घोडी बरोबर मजकुराच्या काठावर.

कारागीर चाचांना आखलेली चौकट मोबाइलवर दाखवली. ते म्हणाले, “घोडी दिसली नाही तर मी नुसता बसलोय असं वाटंल की.” इलाजही त्यांनीच काढला. भोपळ्याखाली सहा इंची चौरंग ठेवला, त्यावर कापडाची चुंबळ. घोडी १५ सेंटिमीटर वर आली, म्हणजे १०८० वर. कोपर थोडं उंचावतं; पण जवारीचं बारीक काम ते तसंही वाद्य उचलून घेऊनच करतात, तेव्हा खोटं काही नाही.

गायिका कारागिरामागे ६० सेंटिमीटरवर, म्हणजे कॅमेऱ्यापासून ३.६ मीटर. लेन्सचं छिद्र एफ २.८ ला ठेवलं तर स्पष्ट दिसणारा पट्टा साधारण अडीच ते पावणेचार मीटर येतो. ती त्यात बसते, पण मागे रेलली की सुटेल. एफ ४ ला तो सव्वाचार मीटरपर्यंत जातो. एफ ४ ठरलं, आणि त्या बदल्यात खिडकीच्या बाजूने एक दिवा जास्त.

आता आडव्याचा प्रश्न उलटा झाला. सगळं मधल्या मीटरभर जागेत गोळा केलं की दोन्ही बाजूंना मीटर-मीटरभर पोकळी उरते. ती भरायला कारखान्यात माल भरपूर आहे: उजवीकडे टांगलेले सुके भोपळे, डावीकडे भिंतीला टेकवलेल्या दांड्या. आडव्यात ते कारखान्याची ओळख सांगतात, उभ्यात नसले तरी काही अडत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर मात्र काढायला सांगितलं. ते मध्यापासून ८० सेंटिमीटरवर आहे आणि चौकोनाची कड ८७ वर. आडव्यात पूर्ण दिसलं असतं, उभ्यात अजिबात नाही, पण चौकोनात महिन्याचं नाव मधोमध कापलं गेलं असतं. अर्धवट अक्षरांकडे नजर हमखास जाते. चौकोनाच्या काठाशी वाचता येईल असं काहीच नको.

१२ नोव्हेंबर

चित्रीकरण. मॉनिटरवर तिन्ही चौकटींच्या रेषा आणि उभ्याचा डबा कायम चालू ठेवला. कॅमेऱ्यातल्या तयार रेषा ९:१६ ची कड दाखवतात, डबा दाखवत नाहीत. तो पारदर्शक फिल्मवर मार्करने आखून मॉनिटरला चिकटवला.

दृश्य ४ चे सात टेक. पहिल्या तिन्हींत चाचांची चूक नव्हती, आपली होती. तार छेडून झाली की हात आपोआप खुंटीकडे जातो, आणि खुंटी पट्टीच्या बाहेर. उभ्यात हात कापल्यासारखा दिसतो. खुंटी पिळणं वेगळा शॉट म्हणून घेतलं आणि दृश्य ४ मध्ये फक्त दोरा आणि सूर जुळवायचे मणी ठेवले. दोन्ही घोडीजवळच असतात.

खुंटीचा शॉट आडवा आणि उभा असा दोनदा घेतला, उभ्यासाठी कॅमेराच ९० अंशांत फिरवला. दांडी लांबट आहे, तिला पूर्ण २१६० रुंदी मिळते आणि कापावं काहीच लागत नाही. सगळी फिल्म अशी दोनदा घ्यायला वेळ नसतो, पण एक-दोन लांबट वस्तूंपुरतं परवडतं. अशा क्लिपच्या नावात ‘उभा’ लिहून ठेवावं, नाहीतर एडिटमध्ये ती आडवी पडलेली दिसते आणि कुणीतरी बाद करून टाकतो.

१४ नोव्हेंबर

अक्षरांचा दिवस. पडद्यावर तीनच ठिकाणी मजकूर आहे. त्यातला मोठा: ‘मिरज तानपुरा: भौगोलिक मानांकन, २०२४’.

आडव्यात ही एक ओळ आरामात बसते. उभ्यात ९५० पिक्सेलमध्ये एका ओळीत बसवायची तर अक्षर इतकं बारीक होतं की हातातल्या फोनवरही डोळे बारीक करावे लागतात. तीन ओळी केल्या: ‘मिरज तानपुरा’ मोठ्या अक्षरात, ‘भौगोलिक मानांकन’ त्याहून लहान, खाली ‘२०२४’. ‘भौगोलिक’ फोडायचं नाही. जोडरेघ देऊन मराठी शब्द तोडला की वाचणारा अडखळतो. शब्द मावत नसेल तर आकार कमी करावा किंवा वाक्य बदलावं.

देवनागरीत ओळीतलं अंतर इंग्रजीच्या सवयीने ठेवू नये. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार. आकाराच्या १.२ पट अंतर ठेवलं तर ‘भौगोलिक’चे मात्रे वरच्या ‘तानपुरा’च्या उकाराला भिडतात. १.४५ पट ठेवलं. डब्याचं मापही शिरोरेषेपासून न घेता मात्रेच्या टोकापासून घेतलं. सॉफ्टवेअर मजकुराची चौकट डब्यात आहे म्हणतं, तेव्हा रफार बाहेर असू शकतो.

प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ‘मिरज’ची वेलांटी ‘म’च्या मागे पडली होती. Preferences मध्ये Graphics खाली South Asian and Middle Eastern हे इंजिन निवडलं आणि फाइल पुन्हा उघडली, तेव्हा सुटलं. जुनी टायटल्स आपोआप दुरुस्त होत नाहीत, ती नव्याने टाइप केली.

जागा: दृश्य ४ मध्ये दोन चेहरे आणि घोडी मिळून डबा भरला आहे, अक्षरांना जागाच नाही. चेहऱ्यावर मजकूर टाकण्यापेक्षा तो दृश्य २ वर नेला, दोन उंच-ठेंगण्या दांड्यांच्या मध्ये नाही तर त्यांच्या खालच्या भागावर, ९०० ते १२०० या पट्ट्यात, जिथे मागे साधी भिंत आहे. चौकोनातही तेच दृश्य. आडव्यात मात्र मजकूर डावीकडच्या मोकळ्या भिंतीवर, ९६ च्या रेषेपासून सुरू.

चौकोनी फिल्म बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात. म्हणून तिथे निवेदनाची चारही वाक्यं आणि ‘अजून’ पडद्यावर लिहिली. ‘अजून’ गायिकेच्या चेहऱ्याशेजारी, तळाला नाही. तळाला लिहिलं तर कोण बोललं हेच कळत नाही, कारण खाली चेहरा कारागिराचा आहे.

१७ नोव्हेंबर

कच्ची तपासणी. एडिटमधल्या आडव्या फाइलमधून उभी पट्टी काढून तिच्यावर डबा आखला, म्हणजे तीसही सेकंद एका नजरेत बघता येतात.

```
ffmpeg -i master.mov -vf "crop=1214:2160:1312:0,scale=1080:1920,setsar=1,drawbox=x=65:y=269:w=950:h=979:color=yellow:t=4" -c:a aac check_916.mp4
```

इथे १२१५ ऐवजी १२१४ लिहिलंय, कारण १२१५ विषम आहे आणि ४:२:० चित्रात, म्हणजे जिथे रंग दोन-दोन पिक्सेल मिळून एकदाच नोंदला जातो तिथे, कापणी सम आकड्यावरच बसते. न सांगता एक पिक्सेल कमी होतो. setsar=1 नसेल तर त्या फरकामुळे पिक्सेलचं प्रमाण एकपेक्षा किंचित वेगळं नोंदवलं जातं आणि काही प्लेअर चित्र नकळत ताणतात.

तीन चुका सापडल्या. दृश्य ४ च्या निवडलेल्या टेकमध्ये गायिका शेवटी मागे रेलते आणि माथा २६९ च्या वर जातो. केसच आहेत, डोळे डब्यात आहेत, तसंच ठेवलं. दृश्य ५ मध्ये घोडीचा जवळचा शॉट १३०० वर पडला होता. तिथे १२१५ च्या पट्टीऐवजी १०८० × १९२० चीच खिडकी घेतली. ताणावं लागत नाही आणि २४० पिक्सेल वर-खाली सरकायला मिळतात. खिडकी तळाशी नेली, तर घोडी वर येऊन १२२० च्या आसपास बसली. तिसरी चूक मुखचित्राची: इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवर चौकट ३:४ दिसते, म्हणजे वर-खाली २४० पिक्सेल जातात. मजकूर त्यात वाचतो, पण निवडलेल्या फ्रेममध्ये चाचांचे डोळे मिटलेले होते. फ्रेम बदलली.

१९ नोव्हेंबर

फोनवर प्रत्यक्ष पाहिलं, खासगी खात्यावर चढवून. दोन फोन: एक जुना १६:९ चा, एक लांबट २०:९ चा. लांबट फोनवर अ‍ॅपने चित्र पूर्ण उंची भरायला मोठं केलं तर बाजूंचे दहा-दहा टक्के, म्हणजे १०८ पिक्सेल जाऊ शकतात; ६५ ची मोकळीक तिथे पुरत नाही. म्हणून उभ्यातला मजकूर ९५० ऐवजी ८४० रुंदीत आवळला. ‘भौगोलिक मानांकन’ आणखी चार अंकांनी लहान झालं, पण वाचता येतं.

आणि एक गोष्ट कारखान्याकडे कळवायची राहिली होती, ती आज फोनवर सांगितली: रील चढवताना खालचा मजकूर एका ओळीत संपवा. कुणी ‘आणखी’वर बोट ठेवलं की मजकूर वर उलगडतो आणि ३५ टक्क्यांचा हिशोब मोडतो, घोडी १०८० वर आहे, तिच्यावर येईल. पत्ता आणि फोन नंबर पहिल्या कमेंटमध्ये टाकायचं चाचांच्या मुलाने मान्य केलं.

फाइल तीन दिल्या: आडवी ३० सेकंद, चौकोनी ३०, उभी २७. उभ्यातून कारखान्याच्या दाराचं दृश्य १ काढलं. त्यात दारावरची पाटी ९८ सेंटिमीटरमध्ये बसत नव्हती.